भिंतीतला नऊ इंची पंखा

पुण्यात मार्केट यार्डाच्या मागच्या रस्त्याला राजाभाऊ सबनीसांचं पंखे दुरुस्तीचं दुकान होतं. छताचे पंखे, टेबलावरचे पंखे, आणि मुख्य म्हणजे एक्झॉस्ट फॅन. खानावळी, मंगल कार्यालयं, बेकऱ्या, आणि नंतर बिबवेवाडीत उभ्या राहिलेल्या इमारतींमधली स्वयंपाकघरं, सगळीकडे राजाभाऊंनी भिंती फोडून पंखे बसवले. त्यांचा मुलगा गुरुदत्त इंजिनिअर झाला, पण पदवी हातात पडेपर्यंत त्याने वडिलांबरोबर तीनेकशे पंखे बसवले होते. हा आकडा तो स्वतः सांगत असे, आणि तो फुगवलेला नव्हता.

नोकरीने तो जर्मनीत आला त्याला आता चोवीस वर्षं झाली. वय छप्पन्न. श्टुटगार्टच्या त्सुफेनहाउझेन भागात, गाड्यांच्या कारखान्यापासून पंधरा मिनिटांच्या अंतरावर त्याचं घर. कामाचं स्वरूप गाडीतल्या सॉफ्टवेअरच्या चाचण्या घेण्याचं. बायको मालिनी गेर्लिंगेनला एका इंजिनिअरिंग कंपनीत तांत्रिक माहितीपत्रकं लिहिते. मुलगा वेदांग कोलोनला शिकतो. ऑफिसात गुरुदत्तला कोणी हाताने काम करणारा माणूस समजत नाही. तिथे तो फक्त स्क्रीनसमोर बसतो. भिंत, वीट, छिन्नी यांतलं त्याला काय कळतं, हे तिथल्या कोणाला सांगायची वेळ कधी आली नाही.

ती वेळ मालिनीच्या छातीमुळे आली.

दोन वर्षांपूर्वी तिला दम्याचं निदान झालं. फुप्फुसांच्या डॉक्टरने नळीत फुंकर मारायला लावली, आलेख काढला, दोन प्रकारची औषधं दिली आणि विचारलं, ‘‘घरात कोणी सिगारेट ओढतं?’’ कोणी ओढत नव्हतं. मग स्वयंपाकाची चौकशी झाली. मालिनीने फोडणी म्हणजे काय ते सांगितलं. तेल धूर येईपर्यंत तापवायचं, मोहरी, हिंग, मिरची. डॉक्टर लिहिता लिहिता थांबली आणि म्हणाली, ‘‘हे रोज?’’

‘‘रोज,’’ मालिनी म्हणाली. ‘‘कधी कधी दोनदा.’’

त्यांच्या स्वयंपाकघरात शेगडीवर एक चिमणी होती. आधीच्या मालकाने बसवलेली, दिसायला देखणी, पण तिला बाहेर जाणारा पाइपच नव्हता. ती धूर ओढायची, जाळीत तेल अडवायची, कोळशाच्या फिल्टरमधून हवा फिरवायची आणि तीच हवा वरच्या फटीतून परत खोलीत सोडायची. जर्मनीत असल्या चिमण्या घरोघरी आहेत. उकडलेल्या बटाट्यांना त्या पुरतात. वाफ तशीच खोलीत राहते आणि फिल्टर भरला की वासही राहतो. मालिनी दर तीन महिन्यांनी फिल्टर बदलायची. तरी कोबीची भाजी केली की दुसऱ्या दिवशी तिच्या ऑफिसच्या कोटाला हिंगाचा वास यायचा. म्हणून या घराचा एक नियम झाला होता: फोडणी टाकण्याआधी स्वयंपाकघराचं दार घट्ट लावायचं आणि खालच्या फटीत जुना टॉवेल कोंबायचा. कोट दारापलीकडे, पॅसेजमध्ये टांगलेले असत.

‘‘पाइपवाली चिमणी लावून घेऊ,’’ मालिनी म्हणाली. ‘‘शेगडीच्या डोक्यावरच धूर पकडते. मी वाचलंय.’’

‘‘पकडते, बरोबर आहे. पण शेगडी आतल्या भिंतीला आहे. तिथून बाहेरच्या भिंतीपर्यंत पाइप न्यायचा म्हणजे चार मीटर, आणि वर दोन वळणं. प्रत्येक वळणाला ओढ मरते. मग मोटर मोठी घ्या, मग आवाज. तू म्हणशील, बंद करा ते विमान.’’

‘‘मग काय करायचं?’’

‘‘सरळ भिंतीत एक्झॉस्ट फॅन. बागेकडच्या भिंतीत, वर, दारासमोर. दाराकडून हवा येईल, शेगडीवरून जाईल, बाहेर पडेल. पाइप नाही, फिल्टर नाही.’’

‘‘इथे कोणाच्या घरात पाहिलाय का असा?’’

‘‘इथे कोणाच्या घरात फोडणी पाहिलीय का?’’

यावर ती हसली. गुरुदत्तला ते हसू पुरेसं वाटलं.

त्याने खोली मोजली. लांबी तीन मीटर चाळीस, रुंदी दोन ऐंशी, उंची अडीच. चोवीस घनमीटर हवा. राजाभाऊंचा हिशोब त्याच्या डोक्यात पक्का होता. साध्या स्वयंपाकघरातली हवा तासाला दहा-पंधरा वेळा बदलली पाहिजे, तळण असेल तर वीस वेळा. म्हणजे तासाला चारशे ऐंशी घनमीटर. बाहेर लूव्हरच्या झडपा लावल्या की त्या उघडण्यात आणि अडण्यात चौथा हिस्सा जातो, तो वर धरायचा. सहाशे. सहा इंची पंखा तीनशेच्या आतबाहेर ओढतो, तो गेला. नऊ इंची सातशे-आठशे ओढतो. राजाभाऊ गिऱ्हाइकाला नेहमी सांगत, एक नंबर मोठा घ्या आणि सावकाश फिरवा, आवाज कमी आणि आयुष्य जास्त.

हिशोबात चूक नव्हती. पण पुण्यातल्या ज्या स्वयंपाकघरांसाठी तो हिशोब होता, त्यांच्या दाराखाली बोटभर फट असायची, खिडकीच्या काचा चौकटीत खुळखुळायच्या, आणि बहुतेक ठिकाणी मागचं दार दिवसभर उघडंच असायचं. तिथे पंख्याला हवा मिळेल का, असा प्रश्न कधी कोणी विचारला नाही. बाहेर किती जातं एवढंच मोजायचं, आत कुठून येतं ते मोजायची पद्धतच नव्हती.

ऑक्टोबरमधला एक शनिवार त्याने निवडला. रविवारी इथे ठोकाठोक चालत नाही. घर एकोणीसशे छत्तीसचं, भरीव विटांचं, भिंत अडतीस सेंटिमीटर. त्याने आधी तारा शोधायचं यंत्र भिंतीवरून फिरवलं. मग खिडकीच्या वरच्या तुळईचं टोक भिंतीत जिथे टेकलं होतं, तिथून विटेभर अंतर सोडून वर्तुळ आखलं, पंचवीस सेंटिमीटरचं. मध्यावर लांब ड्रिलने आरपार भोक पाडलं, किंचित बाहेरच्या बाजूला उतरतं, म्हणजे पावसाचं पाणी आत येणार नाही. तेच भोक मध्य धरून बाहेरून दुसरं वर्तुळ काढलं. दोन्ही वर्तुळांच्या कडेने जवळजवळ भोकं पाडत गेला आणि मग छिन्नी घेतली. एकाच बाजूने फोडत गेलं की पलीकडच्या तोंडाच्या विटा तुकडे होऊन निखळतात. म्हणून अर्धं काम आतून, अर्धं शिडीवरून बाहेरून. दरजांतला चुना जुना आणि मऊ होता. पहिली वीट अख्खी निघाली तेव्हा त्याने ती हातात धरून थोडा वेळ पाहिली.

‘‘काय झालं?’’ खालून मालिनीने विचारलं. ती दुपट्टा नाकाला बांधून धूळ झाडत होती.

‘‘काही नाही. बत्तीस वर्षांनी.’’

भोकात त्याने प्लास्टिकचा नळा सरकवला, कडेच्या फटी सिमेंटने भरल्या, दोन दिवस सुकू दिलं. पंख्याची चौकट विटेतच बूच ठोकून स्क्रूने बसवली. दरजेत मारलेलं बूच थरथरीने सैल होतं. चौकटीखाली रबराची पट्टी घातली. आतल्या बाजूला जाळी. बाहेर लूव्हर, पाच आडव्या झडपा, पंखा चालला की हवेच्या जोराने उघडायच्या आणि थांबला की आपल्या वजनाने मिटायच्या. त्याने प्रत्येक झडप बोटाने उचलून सोडून पाहिली. तेलाने चिकटल्या की उघडत नाहीत, मग पंखा नुसताच घुमतो. महिन्यातून एकदा पुसायच्या, असं त्याने मालिनीला बजावलं.

बटण दाबलं. पाचही झडपा एकदम उभ्या राहिल्या. मालिनीने हातातला कागदाचा रुमाल जाळीसमोर धरला, तो खेचला जाऊन तिथेच चिकटला.

‘‘अहो,’’ ती म्हणाली, ‘‘हे तर लग्नातल्या आचाऱ्याकडे असतं तसं झालं.’’

‘‘मग? सबनीसांचं काम आहे.’’

ऑक्टोबर उबदार होता. खिडक्या दिवसभर कलत्या असत, वरून फटीएवढ्या उघड्या. दाराखालचा टॉवेल लागेनासा झाला, दार नुसतं लोटलेलं असायचं. तीन आठवड्यांत मालिनीचा खोकला उतरला. डॉक्टरकडचा आलेख थोडा वर गेला. गुरुदत्तने ऑफिसात दोघांना त्या पंख्याबद्दल सांगितलं, फोटोही दाखवले. त्यातल्या एकाने विचारलं, ‘‘हे कोणाला कळवावं लागतं का?’’ गुरुदत्त म्हणाला, ‘‘घर माझं आहे.’’

नोव्हेंबरच्या मध्याला थंडी पडली. खिडक्या मिटल्या. या घराच्या खिडक्या पाच वर्षांपूर्वीच बदललेल्या होत्या, तिहेरी काचेच्या, कडेने रबर असलेल्या. मिटल्या की रस्त्यावरच्या ट्रामचाही आवाज आत येत नसे. दारही लागलं. पॅसेज थंड पडू नये म्हणून टॉवेल परत फटीत गेला. आणि याच सुमाराला मालिनीचं डोकं दुखायला लागलं.

आधी रविवारी. रविवारी स्वयंपाक मोठा असतो, ती दोन-अडीच तास शेगडीपाशी असते. दुपारी ती कपाळाला पट्टी बांधून पडायची. मग आठवड्यातल्या संध्याकाळीही. मळमळायचं. एकदा जिना चढताना पाय थरथरले. कुटुंबाच्या डॉक्टरने रक्तदाब पाहिला, नीट होता. वय सांगितलं, हिवाळ्यातला अंधार सांगितला, ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या लिहून दिल्या.

मालिनीच्या एक गोष्ट लक्षात आली होती. स्वयंपाक करताना खिडकी उघडी ठेवली की डोकं दुखत नाही. का ते तिला माहीत नव्हतं. ती खिडकी उघडायची. आणि गुरुदत्त ती बंद करायचा.

‘‘पंखा चालू असताना शेजारची खिडकी उघडायची नसते, किती वेळा सांगू? पंखा त्या खिडकीतूनच हवा ओढतो आणि बाहेर टाकतो. शेगडीवरचा धूर आहे तिथेच राहतो. पहिल्या दिवशी शिकवतात हे.’’

‘‘मला बरं वाटतं हो उघडली की.’’

‘‘वाटतं. पण धूर छातीत जातोय. दमा तुला आहे.’’

‘‘थोडीशीच उघडते.’’

‘‘बाहेर शून्याखाली दोन आहे, मालिनी. थंड हवेने दमा वाढतो, हे तुझी डॉक्टरच म्हणाली ना?’’

त्याचं म्हणणं नियमाला धरून होतं. शेजारची खिडकी उघडी असली की पंख्याची ओढ वाया जाते, हे खरंच आहे. पुण्यात तो प्रत्येक गिऱ्हाइकाला हेच सांगत आला होता आणि तिथे ते योग्यच होतं, कारण तिथे खिडकी मिटली तरी हवा दुसरीकडून यायची. तिने वाद घालणं सोडून दिलं. तो घरी असला की खिडकी मिटलेली ठेवायची, नसला की उघडायची. त्याच्या किल्लीचा आवाज दारात आला की ती हात पुसून आधी खिडकी लावायची, मग दाराखालचा टॉवेल काढायची.

नाताळात वेदांग आला. तो मराठी सगळं समजतो, उत्तरं जर्मनमध्ये देतो. जेवताना गुरुदत्त मालिनीला सांगत होता की पंख्याच्या झडपा परवा पुसल्या, आता ओढ परत पूर्वीसारखी झाली. वेदांग ताटातून मान वर न करता म्हणाला, ‘‘मामा ल्युफ्टेट इमर, वेन दू निष्ट दा बिस्ट.’’ तुम्ही नसलात की आई खिडक्या उघडते.

मालिनीने त्याच्या पानात आमटी वाढली. गुरुदत्तने तिच्याकडे पाहिलं.

‘‘लपून?’’

‘‘लपून कशाला? आपलं घर आहे.’’

‘‘मग मी असताना का नाही?’’

‘‘तुम्ही असताना तुम्ही बंद करता म्हणून.’’

त्याला राग आला, आणि तो दोन दिवस टिकला. इतकं कष्टाने केलेलं काम ही मागल्या दाराने फुकट घालवते, असं त्याला वाटलं. त्या दोन दिवसांत तो स्वतः स्वयंपाकघरात बसून राहिला, लॅपटॉप घेऊन, खिडकीला पाठ लावून. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याचंही डोकं जड झालं. त्याने ते लॅपटॉपच्या माथी मारलं.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात दारावर चिठ्ठी चिकटलेली होती. शोर्नश्टाइनफेगर येणार, म्हणजे त्या भागातला धुराडी तपासणारा अधिकृत माणूस. या वेळी एक बाई आली, फ्राउ ब्रायटलिंग, पस्तिशीची, काळ्या पोशाखात, मोठी पेटी घेऊन. आधीचा म्हातारा निवृत्त झाला होता. तिला पाहायचं होतं गरम पाण्याचं आणि हीटिंगचं गॅसचं यंत्र. इथे त्याला थेर्मे म्हणतात. सबनीसांची थेर्मे स्वयंपाकघराला लागून असलेल्या छोट्या कोठीत टांगलेली होती. त्या कोठीला दार नव्हतं. थेर्मे जुनी, ब्याण्णवची. जळायला हवा खोलीतूनच घ्यायची आणि जळालेला वायू पाइपने वर धुराड्यात सोडायचा, अशा जातीची.

बाईंनी पेटी उघडली, आणि उघडता उघडता त्यांची नजर भिंतीवर गेली.

‘‘हा पंखा कधीचा?’’

‘‘ऑक्टोबरचा,’’ गुरुदत्त म्हणाला. ‘‘मी स्वतः बसवलाय.’’ त्याच्या आवाजात अजून थोडा अभिमान होता.

‘‘बाहेर हवा टाकतो?’’

‘‘हो. तासाला सातशे घनमीटर.’’

त्यांनी हातातलं यंत्र खाली ठेवलं. ‘‘माझ्या आधीच्या माणसाला विचारलं होतंत? नाही? बरं. सगळ्या खिडक्या लावा. दार लावा. नेहमी स्वयंपाक करताना असतं तसं.’’

मालिनी त्या दिवशी घरून काम करत होती. ती आली आणि तिने दार लावलं. मग वाकून फटीत टॉवेल घातला. बाईंनी ते पाहिलं. त्यांनी गरम पाण्याचा नळ सोडला, थेर्मे भडकून पेटली. पंख्याचं बटण दाबायला सांगितलं. झडपा उघडल्याचा आवाज आला. मग पेटीतून दांडीला लावलेला एक छोटा आरसा काढला आणि थेर्मेच्या वरच्या अंगाला, पाइप सुरू होण्याआधी जी उघडी फट असते, तिथे धरला. ओढ सरळ असेल तर खोलीतली हवा त्या फटीतून आत जाते आणि आरसा कोरडा राहतो. उलटी असेल तर जळलेल्या वायूतली वाफ बाहेर येते.

आरसा दहा सेकंदांत पांढरा झाला. त्यांच्या खांद्याला लावलेलं, विषारी वायू ओळखणारं यंत्र त्यानंतर लगेचच बोंबलायला लागलं.

‘‘खिडकी!’’ बाई म्हणाल्या, आणि स्वतःच दोन ढांगांत जाऊन त्यांनी ती सताड उघडली. आरशावरची वाफ विरली. त्यांनी पंखा बंद केला, नळ बंद केला आणि थेर्मेखालची गॅसची तोटी फिरवली. मग सगळ्यांना बाहेर बागेत यायला सांगितलं.

बाहेर उणे एक होतं. बाईंनी जे सांगितलं ते शांतपणे सांगितलं, शाळेत सांगतात तसं. तुमचा पंखा हवा बाहेर फेकतो. तेवढी हवा कुठून तरी आत आलीच पाहिजे. खिडक्या रबराच्या, दाराखाली टॉवेल. उरलं एकच भोक, धुराडं. म्हणून हवा धुराड्यातून खाली येते, आणि थेर्मेचा धूर तिच्याबरोबर आत. तोच धूर परत परत जळायला गेला की ज्योत नीट जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड वाढतो. त्याला वास नसतो. कोठीतून तो पंख्याकडे जाणार, आणि मध्ये शेगडी आहे.

‘‘नव्या यंत्रांत असं झालं की ती आपोआप बंद पडतात. या वयाच्या यंत्रात ती सोय नाही. घरात कोणाला डोकेदुखी? मळमळ?’’

गुरुदत्त काही बोलायच्या आत मालिनी बोलली. जर्मनमध्ये, सावकाश, माहितीपत्रक लिहिते तशा सरळ वाक्यांत. नोव्हेंबरपासून. जवळजवळ रोज. रविवारी जास्त. खिडकी उघडली की थांबतं.

‘‘मग तुम्ही खिडकी उघडत नव्हता का?’’

‘‘उघडत होते,’’ मालिनी म्हणाली. ‘‘माझा नवरा बंद करत होता.’’

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. विचारलं त्याचं उत्तर होतं. बाईंनी गुरुदत्तकडे पाहिलं नाही, त्यांनी कागदावर काही तरी लिहिलं. गुरुदत्त बाहेरच्या भिंतीकडे पाहत होता. लूव्हरच्या पाचही झडपा नीट मिटलेल्या होत्या.

त्याच दुपारी दोघं दवाखान्यात गेले. रक्त तपासलं. काही सापडलं नाही. स्वच्छ हवेत हा वायू काही तासांत रक्तातून निघून जातो, आणि त्या दिवशी सकाळपासून मालिनीने खिडकी उघडीच ठेवली होती, कारण गुरुदत्त वरच्या मजल्यावर होता. दोन महिन्यांत किती गेला, त्याने काय झालं, कधी जिवावर बेतलं असतं, हे कोणी सांगू शकलं नाही. डॉक्टर म्हणाला, तुमच्या पत्नीने खिडकी उघडली हे चांगलं केलं. हे त्याने गुरुदत्तला उद्देशून म्हटलं.

दोघं गाडीने परत निघाले. फॉयरबाखच्या पुलाखाली सिग्नलला थांबल्यावर गुरुदत्त म्हणाला, ‘‘सांगायला हवं होतंस.’’

‘‘सांगितलं होतं.’’

‘‘असं नाही. असं ठामपणे.’’

‘‘तीनशे पंखे बसवलेल्या माणसाला मी काय ठामपणे सांगणार?’’ ती खिडकीतून बाहेर पाहत म्हणाली. ‘‘आणि तुम्ही इतके खूश होता.’’

बाईंची नोटीस आठवड्याने आली. दोनच पर्याय होते. एक, खिडकीच्या चौकटीत अधिकृत इलेक्ट्रिशियनकडून एक स्विच बसवायचा, म्हणजे खिडकी उघडल्याशिवाय पंख्याला वीज मिळणारच नाही. दोन, पंखा कायमचा काढायचा. तोवर थेर्मे चालवायची तर पंख्याची पिन काढून ठेवायची.

गुरुदत्तने स्विचचा पर्याय लगेच धरला. साधी गोष्ट होती. त्याने कागदावर आकृती काढून मालिनीला दाखवली: कोठीजवळची खिडकी, म्हणजे पंख्यापासून लांबची, तिच्यावर स्विच. ती कलती ठेवायची. मग हवा तिथून येईल, शेगडीवरून जाईल, धुराड्याला हात लागणार नाही.

‘‘आणि जूनमध्ये थेर्मेच बदलू. नव्या जातीची येते, जळायला हवा बाहेरून घेते, खोलीशी संबंध नाही. मग खिडकीचीही कटकट राहणार नाही. बसवणारे रांगेत आहेत म्हणून, नाहीतर लगेच केलं असतं.’’

मालिनीने आकृती पाहिली. ती बरोबर होती, हे तिला कळत होतं.

‘‘नको,’’ ती म्हणाली.

‘‘का? आता सगळं बरोबर होणार आहे.’’

‘‘ऑक्टोबरमध्येही सगळं बरोबरच होतं.’’

‘‘मालिनी, दम्याचं काय? धूर?’’

‘‘तळायचं बंद करते. भाजी वाफवते. मला त्या पंख्याखाली उभं राहायचं नाही. बुजवा ते भोक.’’

त्याने दोन-तीन दिवस वाट पाहिली. तिचं मत बदललं नाही. फोनवर वेदांगला विचारलं, त्याने आईच्या बाजूने दोन शब्द टाकले आणि विषय बदलला.

फेब्रुवारीच्या शेवटी थोडी ऊब आली, सिमेंट गोठणार नाही इतकी. गुरुदत्तने पंखा उतरवला, जाळी, झडपा उतरवल्या, नळा कापून काढला. विटा आणायला गेला तेव्हा लक्षात आलं की छत्तीस सालचा आकार आता मिळत नाही. जुनी वीट लांबीला मोठी आणि जाडीला कमी, नवी त्याच्या उलट. त्याने प्रत्येक वीट करवतीने कापून जागेला बसती केली, कडा ओल्या केल्या, दरजा पक्क्या भरल्या. काम नेटकं झालं. आतून गिलावा आणि रंग दिल्यावर काही उमगत नाही. बाहेरून मात्र गोल डाग दिसतो, विटांचा रंगही वेगळा आणि दरजांच्या ओळीही जुळत नाहीत. शेजारच्या बागेतून येताजाता तो दिसतो.

जूनमध्ये नवी थेर्मे बसली. आता तिथे पंखा लावायला कोणाची हरकत नव्हती. त्याने एकदा तसं सुचवून पाहिलं. मालिनी म्हणाली, बघू. पुढे तो विषय निघाला नाही. घरात आता शिजतं ते मुख्यतः वाफवलेलं, उकडलेलं. फोडणी सणाला, तीही थंड तेलात जिरं टाकून, हळूहळू. खोकला परत आला आहे, पूर्वीइतका नाही. डॉक्टरचा आलेख जिथून निघाला होता तिथे येऊन थांबला आहे.

गुरुदत्तने कार्बन मोनॉक्साइड दाखवणारी तीन यंत्रं आणली. एक स्वयंपाकघरात, एक कोठीत, एक झोपायच्या खोलीत. छोटी पांढरी डबी, तिच्यावर आकडा. नवी थेर्मे आल्यापासून तो आकडा शून्यावरून हललेला नाही. तरी ऑफिसातून आल्यावर तो आधी स्वयंपाकघरात येतो, कोट अंगातच असतो, आणि मालिनीला विचारतो, ‘‘डोकं दुखतंय का?’’

पहिले काही महिने ती ‘नाही’ म्हणायची. तो तिच्या तोंडाकडे पाहत उभा राहायचा. ते खरं आहे की त्याला बरं वाटावं म्हणून म्हणतेय, हे त्याला ओळखता यायचं नाही. मग तो पुन्हा विचारायचा, आणि ती पुन्हा ‘नाही’ म्हणायची.

अलीकडे तीही थकली आहे. त्याने विचारलं की ती पातेल्यातून चमचा न काढता, मान न वळवता भिंतीवरच्या डबीकडे बोट दाखवते.

‘‘तिथे लिहिलंय ना,’’ ती म्हणते. ‘‘वाचा.’’

तो जवळ जाऊन वाचतो.